उशीर गाण्याचा की घराचा?

पडद्याच्या खालून बाण वर सरकत येतात. डावा, खालचा, वरचा, उजवा असे चार प्रकार. वरच्या कडेला करड्या बाणांची एक स्थिर ओळ असते. सरकणारा बाण त्या ओळीवर पोहोचतो त्याच क्षणी तुम्ही ती कळ दाबायची, किंवा जमिनीवरच्या पॅडवर त्या चौकोनात पाऊल टाकायचं. बाण येतात ते गाण्याच्या ठोक्यांवर. म्हणून खेळणारा डोळ्यांनी बाण पाहत असला, तरी खरं काम त्याचा कान करत असतो. कोनामी या जपानी कंपनीने १९९८ साली ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ हे यंत्र बाजारात आणलं आणि हा खेळ जगभर पोहोचला. २००१ मध्ये ‘स्टेपमॅनिया’ आला. घरच्या कंप्युटरवर चालणारा, फुकट, मुक्त स्रोत असलेला असा हा खेळ. त्यात कोणीही आपल्या आवडीचं गाणं घालू शकतो आणि त्यावर स्वतः बाण बसवू शकतो. बाणांच्या या मांडणीला खेळणारे ‘चार्ट’ म्हणतात.

चार्ट बनवायचा म्हटलं की नवख्याला वाटतं, अवघड काम म्हणजे बाण कुठे ठेवायचे ते. ते कामही आहेच, पण त्याच्या आधी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. गाण्यातला पहिला ठोका फाइलच्या नेमक्या कोणत्या क्षणी पडतो, आणि त्यानंतरचे ठोके किती अंतराने येतात. पहिलीला ऑफसेट म्हणतात, दुसरीला बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती मात्रा. या दोन आकड्यांवरून खेळ गाण्यावर मात्रांची एक जाळी पसरवतो. पुढे ठेवलेला प्रत्येक बाण त्या जाळीच्या रेघेवर बसतो. जाळीच सरकलेली असेल, तर कितीही सुंदर बाण ठेवले तरी खेळणाऱ्याच्या हाताला ते चुकीचेच लागतात.

किती सरकलं म्हणजे चूक? स्टेपमॅनियाच्या मूळ नियमांनुसार ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे २२.५ मिलिसेकंदांच्या आत कळ दाबली, तर सर्वांत वरचा ‘मार्व्हलस’ मिळतो. ४५ मिलिसेकंदांपर्यंत ‘परफेक्ट’ आणि ९० पर्यंत ‘ग्रेट’. म्हणजे जाळी जेमतेम २५ मिलिसेकंद, सेकंदाचा चाळिसावा भाग, सरकलेली असली, तर अगदी अचूक ठोका मारणाऱ्यालाही वरचा शेरा मिळणार नाही.

दोन वेगळे उशीर

कंप्युटरमधून निघालेला आवाज कानापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. वायरच्या हेडफोनमध्ये तो थोडा असतो. ब्लूटूथ हेडफोनमध्ये शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. टीव्हीला जोडलं, तर टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतो आणि बाणच उशिरा दिसतात. हे सगळे उशीर तुमच्या खोलीतले आहेत. गाण्याशी त्यांचा काही संबंध नाही.

गाण्याच्या फाइलमध्ये मात्र स्वतःचीही एक रिकामी जागा असते. सुरुवातीला शांतता असते, मग पहिला ठोका येतो. ती जागा गाण्याची आहे. जगात कुठेही, कोणत्याही कंप्युटरवर ती तेवढीच राहते.

स्टेपमॅनियात या दोन उशिरांसाठी दोन स्वतंत्र जागा आहेत. गाण्याचा ऑफसेट चार्टच्या फाइलमध्ये लिहिला जातो आणि चार्टसोबत सगळीकडे जातो. यंत्राचा ऑफसेट, म्हणजे ग्लोबल ऑफसेट, तुमच्याच कंप्युटरच्या सेटिंगमध्ये राहतो आणि सगळ्या गाण्यांना सारखा लागू होतो. या लेखात सांगण्यासारखी एकच मुख्य गोष्ट असेल, तर ती ही: चार्टच्या फाइलमध्ये फक्त गाण्याविषयी खरं असेल तेच लिहावं. आपल्या खोलीचा उशीर त्यात मिसळला, तर घरी चार्ट अगदी सुरेख चालतो आणि दुसऱ्याच्या घरी तोच बिघडलेला वाटतो.

ही चूक किती काळ टिकू शकते, याचं उदाहरण या खेळाच्या इतिहासातच आहे. २००४ मध्ये ‘इन द ग्रूव्ह’ नावाचं नृत्ययंत्र आलं. त्याच्या आतलं सॉफ्टवेअर स्टेपमॅनियावरच उभं होतं. त्या यंत्रासाठी बनलेल्या चार्टमध्ये, मोजून ठरवलेल्या जागेपेक्षा सुमारे ९ मिलिसेकंदांचा फरक असतो. पुढे हजारो चार्ट त्याच मापाने बनले. म्हणून आजही पॅक बनवणारे बरोबर लिहितात, की हा पॅक नऊ मिलिसेकंद धरून जुळवला आहे की शून्यावर.

तेव्हा कामाला बसताना आधी खोली नीट करावी. वायरचे हेडफोन लावावेत. खेळासोबत आलेलं, नीट जुळलेलं एखादं गाणं खेळावं. खेळताना `F6` दाबत गेलं की ऑटोसिंकचे पर्याय बदलत जातात. त्यातला यंत्राचा पर्याय निवडला, की खेळ तुमच्या कळांच्या वेळा मोजतो आणि सरासरी फरक ग्लोबल ऑफसेटमध्ये भरायचा का, असं विचारतो. हे झालं की आपल्या नव्या गाण्याकडे वळावं.

पहिला ठोका शोधणं

एक गाणं घेऊ. कंप्युटरवर रचलेलं, दोन मिनिटांच्या आतलं, ज्यात बेस ड्रमचा ठोका स्वच्छ ऐकू येतो. त्याला ‘पहिली चाल’ म्हणू.

गाणं एमपी३ असेल, तर मोजण्याआधीच ते ओजीजी या प्रकारात बदलून घ्यावं. एमपी३ बनवताना सुरुवातीला थोडी शांतता आपोआप भरली जाते. लेम या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एन्कोडरने बनवलेल्या फाइलमध्ये, उलगडतानाचा उशीर धरून ती साधारण ११०५ नमुन्यांची असते. नेहमीच्या ४४,१०० च्या दराने हे झाले सुमारे २५ मिलिसेकंद. काही प्रोग्रॅम ही शांतता कापून टाकतात, काही तशीच वाजवतात. त्यामुळे एका प्रोग्रॅममध्ये मोजलेला पहिला ठोका दुसऱ्यात २५ मिलिसेकंद पुढेमागे निघतो. ओजीजीमध्ये हा घोळ होत नाही. नियम एवढाच, की जी फाइल मोजली तीच फाइल शेवटी पॅकमध्ये गेली पाहिजे. मधे पुन्हा रूपांतर केलं, की पुन्हा मोजायचं.

आता ऑडॅसिटीसारख्या ध्वनी संपादकात फाइल उघडावी आणि तरंगाचं चित्र मोठं करत जावं. बेस ड्रमचा ठोका सपाट रेघेतून अचानक उसळताना दिसतो. कर्सर त्या उसळीच्या सुरुवातीला ठेवावा, शिखरावर नव्हे. आपल्या गाण्यात हा क्षण ०.४१२ सेकंदाला आला असं धरू. बासरी किंवा व्हायोलिनचा सूर हळूहळू चढतो, त्याची सुरुवात चित्रात नेमकी ठरवता येत नाही. म्हणून मोजायला नेहमी चामड्याचा, टाळीचा किंवा तबल्याचा आघात निवडावा.

स्टेपमॅनियाच्या फाइलमध्ये हा आकडा उलट्या चिन्हाने लिहितात:

```
#OFFSET:-0.412;
```

याचा अर्थ, शून्य क्रमांकाची मात्रा गाणं सुरू झाल्यावर ०.४१२ सेकंदांनी पडते. आकडा धन असेल, तर शून्याची मात्रा गाणं सुरू होण्याआधीच येऊन गेलेली असते. उणे चिन्ह विसरणं ही अगदी नेहमीची चूक आहे. ती झाली, तर ‘पहिली चाल’ची सगळी जाळी ०.८२४ सेकंद आधी सरकेल.

शून्याची मात्रा म्हणजे गाण्यातला पहिला आवाज असायलाच हवा, असं नाही. ती सम असावी. गायक समेच्या आधी एक-दोन मात्रा उचल घेत असेल, तर उचलीला शून्य धरू नये. नाहीतर पुढची प्रत्येक सम फाइलमधल्या आवर्तनाच्या मधेच कुठेतरी पडेल आणि बाण ठेवताना सतत गोंधळ होईल.

लय मोजणं

बोटाने ठेका धरून लय मोजणारी अनेक साधनं आहेत. त्यांच्यावर अंदाजापुरतं विसंबावं. बोट कुठे दहा मिलिसेकंद आधी पडतं, कुठे नंतर.

खरी मोजणी लांब अंतरावर करावी. समजा, चित्रात ठोका ओळखताना आपली ५ मिलिसेकंदांची चूक होते. आठच मात्रा मोजल्या, तर तेवढ्याने बीपीएममध्ये ०.२ ची चूक येते. २५६ मात्रा मोजल्या, तर तीच चूक ०.००६ वर येते. पण मधे २५६ मात्रा आहेत हे मोजायचं कसं? पायरीपायरीने. आधी सोळा मात्रांवरून ढोबळ आकडा काढावा, समजा १३९.८ आला. त्यावरून चौसष्टावी मात्रा कुठे पडेल ते सांगता येतं. त्या जागेच्या अगदी जवळचा जो ठोका, तो चौसष्टावा. अंदाज तिथे फार तर ४० मिलिसेकंद चुकलेला असतो आणि दोन मात्रांमधलं अंतर ४२९ मिलिसेकंदांचं आहे, त्यामुळे ठोका चुकीचा निवडला जाण्याची भीती नसते. आता चौसष्ट मात्रांवरून आकडा पुन्हा काढावा आणि २५६ वर जावं.

‘पहिली चाल’मध्ये २५६ क्रमांकाची मात्रा ११०.१२६ सेकंदाला सापडली. मग हिशोब असा:

```
60 x 256 / (110.126 - 0.412) = 140.000
```

कंप्युटरवर रचलेल्या संगीताची लय बहुतेक वेळा पूर्ण आकड्यात असते. म्हणून उत्तर १४०.००० इतकं स्वच्छ आलं, तर मोजणी बरोबर आहे असा भरवसा वाटतो.

इथे दशांशाची चूक किती महाग पडते ते पाहू. ०.१ ने चुकून १३९.९ लिहिलं असं समजा. सुरुवातीला काहीच कळणार नाही. चौसष्टाव्या मात्रेला जाळी २० मिलिसेकंद मागे पडलेली असेल, ‘मार्व्हलस’च्या काठावर. एकशे अठ्ठाविसाव्या मात्रेला ३९ मिलिसेकंद, म्हणजे ‘परफेक्ट’ही कसाबसा. शेवटी ७८ मिलिसेकंद. गाण्याबरोबर अचूक खेळणाऱ्या माणसाला शेवटच्या भागात एकामागून एक ‘ग्रेट’ मिळत राहतील, आणि प्रत्येक वेळी त्याने कळ घाईने दाबली असा ठपका येईल. घाई त्याची नसते. जाळीच रेंगाळलेली असते.

जुळलं की नाही, कसं ओळखायचं

तपासायला सर्वांत विश्वासू साधन म्हणजे टाळी. खेळताना `F7` दाबलं की प्रत्येक बाणाच्या क्षणी खेळ स्वतः एक छोटा टक् आवाज करतो. पहिल्या तपासणीसाठी गाण्यातल्या ठळक ठोक्यांवर, बेस ड्रमवर, एकेक बाण ठेवावा आणि डोळे मिटून ऐकावं. टाळी आणि ढोल मिळून एकच आवाज वाटला, तर जुळलं. ‘ट-टक्’ असा दुहेरी आघात ऐकू आला, तर सरकलं आहे.

या तपासणीची ताकद अशी, की टाळी आणि गाणं एकाच वाटेने कानापर्यंत येतात. हेडफोनमुळे उशीर झाला, तर तो दोघांनाही सारखाच होतो. टाळी वाजवताना ग्लोबल ऑफसेटही मधे येत नाही. त्यामुळे टाळी आणि ढोल यांच्यातलं अंतर फक्त गाण्याच्या ऑफसेटचं असतं. हाताने खेळून तपासलं, तर त्यात आपला हात, आपला कीबोर्ड, आपला पडदा असं सगळं येतं. म्हणून गाणं कानाने तपासावं आणि खोली हाताने.

चूक कशी वाढते, यावरून तिचं मूळ कळतं. टाळी पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच पुढे किंवा मागे असेल, तर दोष ऑफसेटचा. ढोल आधी आणि टाळी ३० मिलिसेकंद नंतर येत असेल, तर शून्याची मात्रा तेवढी अलीकडे आणायची, म्हणजे `-0.412` च्या जागी `-0.382`. संपादकात हे काम `F11` आणि `F12` या कळांनी होतं. `Alt` दाबून ठेवलं की बदल अगदी बारीक होतो.

सुरुवातीला जुळतं आणि पुढे हळूहळू सुटत जातं असं असेल, तर दोष लयीच्या आकड्याचा. अशा वेळी ऑफसेट हलवून गाण्याचा मध्य जुळवण्याचा मोह होतो. तसं केलं, तर सुरुवात आणि शेवट दोन्ही चुकतात.

एका विशिष्ट जागेपर्यंत सगळं ठीक आणि मग एकदम सुटलं, असं झालं, तर गाण्यात तिथे काहीतरी आहे. संगीतकाराने अर्धा श्वास थांबून पुढचं कडवं सुरू केलं असेल, किंवा कोणीतरी ध्वनिफीत कापून जोडली असेल. स्टेपमॅनियात त्यासाठी थांबा लिहिता येतो. `#STOPS:128.000=0.350;` म्हणजे एकशे अठ्ठाविसाव्या मात्रेला जाळी ०.३५ सेकंद थांबते आणि बाणही पडद्यावर तेवढा वेळ गोठतात.

आणि सगळे ढोल जुळलेत, पण बाणांचे रंग उलटे दिसत आहेत, असंही होतं. नेहमीच्या बाणांमध्ये मात्रेवरचा बाण लाल आणि अर्ध्या मात्रेवरचा निळा असतो. मुख्य ठोके निळ्यावर पडत असतील, तर जाळी अर्धी मात्रा सरकलेली आहे. ‘पहिली चाल’मध्ये अर्धी मात्रा ०.२१४ सेकंदांची, तेवढा ऑफसेट बदलला की रंग जागेवर येतात.

माणसांनी वाजवलेलं गाणं

इथवरची सगळी गणितं यंत्राच्या ठोक्यावर वाजलेल्या संगीताची. आपल्याकडच्या किती तरी ध्वनिमुद्रणांना ती तशीच लागू पडत नाहीत. भजनी मंडळ अभंग धरतं तेव्हा लय चढत जाते, आणि ती चढणं हाच त्या गाण्याचा प्राण असतो. त्याला एकच बीपीएम लावता येत नाही.

अशा वेळी जाळीच गाण्याबरोबर वाकवावी लागते. भजनी ठेका आठ मात्रांचा. दर दोन आवर्तनांनंतरची सम, म्हणजे सोळा-सोळा मात्रांचं अंतर, चित्रात मोजू. समजा, पहिल्या सोळा मात्रांना १०.४३ सेकंद लागले, पुढच्या सोळांना १०.२१, त्यापुढच्यांना १०.०२. प्रत्येक तुकड्यासाठी ९६० भागिले सेकंद एवढंच करायचं:

```
#BPMS:0.000=92.042,16.000=94.025,32.000=95.808;
```

समेच्या वेळा नेहमी फाइलच्या सुरुवातीपासून मोजाव्यात, आधीच्या समेपासून नव्हे. मग एका ठिकाणची चूक पुढच्या तुकड्यात वाहत जात नाही.

पण तुकडा सोळा मात्रांचा असेल, तर त्याच्या आतही लय चढतच असते. वरच्या आकड्यांवरून पाहिलं, तर दोन समांच्या मधोमध जाळी आणि वादक यांच्यात सुमारे २७ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. ते ‘मार्व्हलस’च्या बाहेर आहे. तुकडा आठ मात्रांचा, म्हणजे एका आवर्तनाचा केला, तर ते अंतर पावपट, सात मिलिसेकंदांवर येतं. त्याहून लहान तुकडे करण्यात फायदा नाही. एकेका मात्रेला वेगळा बीपीएम दिला, तर वादकाच्या हाताची लहानसहान थरथर आणि आपली मोजण्यातली चूक, दोन्ही जाळीत उतरतात आणि बाण पडद्यावर अडखळत चालतात. माझा अनुभव असा, की चढत्या लयीला आवर्तन हे योग्य माप आहे. वादकही लय आवर्तनागणिकच चढवतात.

जाळीची घरं

चार्टची फाइल ही साधी मजकुराची फाइल आहे. तिच्यात बाण चार-चार अंकांच्या ओळींनी लिहिलेले असतात. ओळीतले चार अंक अनुक्रमे डाव्या, खालच्या, वरच्या आणि उजव्या बाणाचे. शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे साधा बाण. धरून ठेवायच्या बाणाची सुरुवात दोनने आणि शेवट तीनने लिहितात.

चार मात्रांचं एक घर असतं आणि दोन घरांमध्ये स्वल्पविराम. एका घरात किती ओळी लिहायच्या हे तुम्ही ठरवता, आणि त्यावरून जाळी किती बारीक ते ठरतं. चार ओळी लिहिल्या तर बराबर, प्रत्येक मात्रेला एक. आठ लिहिल्या तर दुगुन, बारा तर तिगुन, सोळा तर चौगुन. संगीत शिकलेल्या कोणालाही हे लगेच कळेल. दुगुनीतलं एक घर असं दिसतं:

```
1000
0000
0100
0000
0010
0001
1000
0000
```

पहिल्या मात्रेला डावा बाण, दुसरीला खालचा, तिसरीला वरचा, तिसरी आणि चौथीच्या मधोमध उजवा, चौथीला पुन्हा डावा. पॅडवर डाव्या पायाने सुरुवात करून पाय आलटून-पालटून टाकत गेलं, तर हे घर एकदाही पाय न अडखळता खेळता येतं. असं घर लिहिताना गाण्यात तिसऱ्या मात्रेनंतर खरोखरच काही वाजलेलं हवं. कानाला न ऐकू येणारा बाण खेळणाऱ्याला पाठ करावा लागतो, ऐकून खेळता येत नाही.

दुगुन आणि तिगुन यांची गल्लत फार होते. झुलत्या चालीच्या गाण्यात मात्रेचे दोन भाग सारखे नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड असतो. तो आखूड आघात दुगुनीच्या निळ्या रेघेवर ठेवला, की टाळी ढोलाच्या आधी वाजते. १४० च्या लयीत दुगुनीचा आघात मात्रेनंतर २१४ मिलिसेकंदांनी येतो आणि तिगुनीतला तिसरा २८६ नी. हा ७२ मिलिसेकंदांचा फरक कानाला सहज कळतो. फक्त काही आघातच सुटलेले वाटत असतील आणि मुख्य मात्रा जुळत असतील, तर ऑफसेटला हात न लावता आधी घरातल्या ओळी मोजाव्यात.

दादरा किंवा रूपक यांच्यासाठी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. फाइलमधलं घर कायम चार मात्रांचंच राहतं. सहा किंवा सात मात्रांच्या तालात सम दर वेळी घराच्या वेगळ्या जागी पडते. बाण आणि रंग तरीही बरोबरच राहतात, कारण ते मात्रेवरून ठरतात, घरावरून नाही. लिहिणाऱ्याने मात्र समांचे मात्रा-क्रमांक वेगळ्या कागदावर मांडून ठेवावेत.

पॅक बांधणं

चार्ट तयार झाला की तो दुसऱ्याला देण्याजोगा करायचा. स्टेपमॅनिया गाणी एका ठरलेल्या मांडणीतच शोधतो: `Songs` फोल्डर, त्यात पॅकचा फोल्डर, त्यात प्रत्येक गाण्याचा स्वतंत्र फोल्डर.

```
Songs/
  Marathi Mix 1/
    Pahili Chal/
      pahili-chal.ssc
      pahili-chal.sm
      pahili-chal.ogg
      pahili-chal-bn.png
      pahili-chal-bg.png
```

शेवटची दोन चित्रं म्हणजे यादीत दिसणारी पट्टी आणि खेळताना मागे दिसणारं चित्र. नावात `bn` आणि `bg` असलं की खेळ ती आपोआप ओळखतो. पट्टीसाठी ४१८ × १६४ हे माप बहुतेक पॅकमध्ये वापरलं जातं.

चार्ट दोन प्रकारच्या फाइलमध्ये साठवला जातो. `.sm` हा जुना प्रकार आणि `.ssc` हा नवा. दोन्ही असतील, तर नवा स्टेपमॅनिया `.ssc` वाचतो. नोटपॅडमध्ये `.sm` उघडून ऑफसेट बदलला, साठवला आणि खेळात काहीच फरक दिसला नाही, तर कारण बहुतेक हेच असतं. हाताने बदल करायचा तर दोन्ही फाइलमध्ये करावा. सर्वांत बरं म्हणजे खेळाच्या संपादकातूनच साठवावं.

फाइलच्या डोक्यावर गाण्याची ओळख लिहिलेली असते:

```
#TITLE:पहिली चाल;
#TITLETRANSLIT:Pahili Chal;
#MUSIC:pahili-chal.ogg;
#SAMPLESTART:41.555;
#SAMPLELENGTH:12.000;
```

शीर्षक देवनागरीत लिहिता येतं, पण समोरच्याच्या थीममधल्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरं नसतील, तर ती दिसणार नाहीत. त्यासाठी रोमन अक्षरांतलं नाव दुसऱ्या ओळीत जरूर द्यावं. फाइलींची आणि फोल्डरांची नावं तर रोमनमध्येच ठेवावीत, कारण काही झिप प्रोग्रॅम देवनागरी नावांची मोडतोड करतात आणि मग `#MUSIC` मध्ये लिहिलेली फाइल सापडत नाही. शेवटच्या दोन ओळी यादीत वाजणाऱ्या नमुन्याच्या. तो समेवर सुरू व्हावा. ४१.५५५ सेकंद म्हणजे आपली शहाण्णवावी मात्रा, आणि बारा सेकंद म्हणजे बरोबर अठ्ठावीस मात्रा, सात पूर्ण घरं.

झिप करताना पॅकचा फोल्डर निवडून झिप करावा, आतल्या गाण्यांचे फोल्डर नव्हे. उलगडताना काही प्रोग्रॅम झिपच्या नावाचा आणखी एक फोल्डर तयार करतात. मग गाणं एक पायरी खोल जातं आणि खेळाला दिसत नाही. झिपसोबतच्या छोट्या सूचनेत ‘पॅकचा फोल्डर थेट `Songs` मध्ये ठेवा’ हे एक वाक्य असावं.

गाणं वाटण्याचा हक्क हा वेगळा प्रश्न आहे. मित्राने स्वतः रचलेलं आणि परवानगी दिलेलं, किंवा वाटायला मोकळीक देणाऱ्या परवान्याखाली प्रसिद्ध झालेलं गाणं पॅकमध्ये घालता येतं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं असतो, पण कवी आणि संगीतकार यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं वेगळे चालू राहतात. म्हणून जुनं गाणं आपोआप मोकळं झालं असं समजू नये. परवानगी नसेल तेव्हा काही जण आवाज वगळून फक्त चार्ट देतात आणि खेळणाऱ्याने गाणं स्वतः आणायचं असतं. पण इथे ऑफसेट पुन्हा समोर येतो. त्याच गाण्याच्या दुसऱ्या आवृत्तीत सुरुवातीची शांतता वेगळी असू शकते, किंवा त्याच्याकडे एमपी३ असू शकतं. म्हणून अशा चार्टसोबत कोणत्या आवृत्तीवर मोजलं, फाइल कोणत्या प्रकारची आहे आणि पहिला ठोका कितव्या सेकंदाला आहे, हे लिहून द्यावं. तेवढ्या माहितीवरून त्याला आपली फाइल आपल्या घरीच जुळवता येते.

पॅक वाटण्याआधी तो एका वेगळ्या कंप्युटरवर, शक्यतो दुसऱ्या माणसाकडून उघडून घ्यावा. त्याला आधी ओळखीची दोन-तीन गाणी खेळायला सांगावं आणि मग आपलं. सगळ्याच गाण्यांत तो सारखाच उशिरा किंवा आधी येत असेल, तर त्याची खोली जुळवायची आहे. त्याने ग्लोबल ऑफसेट बदलावा, आपण फाइलला हात लावू नये. फक्त आपल्याच गाण्यात तो एका बाजूला झुकत असेल, तर फाइल पुन्हा मोजायची. त्याच्या चुका दोन्ही बाजूंना सारख्या विखुरलेल्या असतील, काही जराशा आधी आणि काही जराशा नंतर, तर उरलेला फरक त्याच्या हाताचा आहे आणि पॅक पाठवायला तयार आहे.